सहा मीटर चाळीस आणि गोलरक्षकाची दोन पावले

डिसेंबर 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत हॉकीचा अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात 1-1 असा बरोबरीत सुटला. निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लागणार होता. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेला धनराज पिल्ले भारताचा कर्णधार होता, पण आता सगळी मदार गोलरक्षक आशिष बल्लाळवर होती. बल्लाळने कोरियाचे दोन स्ट्रोक अडवले, भारताने टायब्रेकर 4-2 असा जिंकला आणि 1966 नंतर, तब्बल 32 वर्षांनी, आशियाई सुवर्णपदक परत मिळाले.

त्या विजयात धनराजच्या वेगाविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. बल्लाळने दोनदा नेमके काय केले, याविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले. ते समजायचे असेल तर आधी गोलरक्षकाला काय करता येत नाही, ते पाहावे लागते.

स्ट्रोकचा ठिपका 15 सेंटिमीटर व्यासाचा असतो. गोलरेषेच्या आतल्या कडेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंत 6.40 मीटर अंतर असते. जुन्या मापात सात यार्ड. गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच. समजा चेंडू ताशी 72 किलोमीटर वेगाने निघाला, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. वरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर सात मीटरला थोडे कमी भरते, म्हणजे चेंडू सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात तिथे पोहोचतो. माणसाच्या डोळ्याने पाहून अंग हलायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. उरलेल्या वेळात गोलरक्षकाला जड पॅड आणि हेल्मेटसह पावणेदोन मीटर बाजूला हात पोहोचवायचा असतो.

आणि त्याच वेळी नियम त्याचे पाय बांधून ठेवतो. दोन्ही पावले गोलरेषेवर हवीत, आणि चेंडूला स्टिक लागेपर्यंत त्यातले एकही पाऊल हलता कामा नये. पुढे येऊन कोन कमी करणे, हा फुटबॉलच्या गोलरक्षकांचा जुना मोह, इथे चालत नाही. पण बंदी फक्त पावलांवर आहे. गुडघे वाकवायला, खांदे झुकवायला, हात पसरून मोठे दिसायला, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायला मनाई नाही. एकदा चेंडू सुटला की गोलरक्षक झेप घेऊ शकतो, पॅड, हातमोजा, छाती, स्टिक काहीही मध्ये घालू शकतो. स्टिक खांद्याच्या वर नेऊनही गोलात जाणारा चेंडू थोपवता येतो. त्याने चेंडू झेलला किंवा तो त्याच्या पॅडमध्ये अडकला, तर स्ट्रोक तिथेच संपतो.

म्हणून चांगला गोलरक्षक पाय रोवून, गुडघ्यांत वाकून, वजन पावलांच्या पुढच्या भागावर ठेवून उभा राहतो. टाचांवर उभ्या राहिलेल्याला बाजूला झेपावण्याआधी वजन पुढे आणावे लागते, आणि तेवढा वेळ चेंडू देत नाही. पाहायचे कुठे, यावर गोलरक्षकांचे एकमत नाही. माझ्या मते स्ट्रोक घेणाऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. ते मुद्दाम चुकीच्या कोपऱ्याकडे पाहतात. स्टिकचे पाते चेंडूखाली किती उघडले आहे, खालचा हात कोणीकडे वळतो आहे, हे खोटे सांगणे अवघड असते.

स्ट्रोक घेणाऱ्यालाही बंधने आहेत, आणि हॉकीचा हा नियम मला फुटबॉलपेक्षा न्याय्य वाटतो. त्याला लांबून धावत येता येत नाही. चेंडूच्या मागे, स्टिक पोहोचेल एवढ्या अंतरावर उभे राहून पंचांच्या शिट्टीची वाट पाहायची. मग चेंडू पुश करायचा, फ्लिक करायचा किंवा स्कूपने उचलायचा; स्टिक उगारून हिट मारायची नाही. उंचीला मर्यादा नाही. उजव्या हाताने पकडलेला स्टिकचा खालचा भाग पुढे ढकलत, डावा पाय पुढे टाकत, शेवटच्या क्षणी मनगट वळवून चेंडू उचलायचा, हा फ्लिक. पेनल्टी कॉर्नरला आपण ज्यासाठी टाळ्या वाजवतो तो ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू अंगाच्या मागून ओढत आणून फेकणे, इथे चालत नाही. चेंडू ठिपक्यावरूनच सरळ सुटला पाहिजे. हूल देणेही मना आहे: स्टिक पुढे आणून थांबवली आणि गोलरक्षक हलल्यावर दुसरीकडे फ्लिक केला, तर तो नियमभंग. गोलरक्षकाची पावले बांधल्यावर त्याला फसवण्याची मुभा देणे हा सरळ अन्याय झाला असता. शिवाय चेंडू एकदाच खेळायचा. अडवलेला चेंडू परत आला तरी त्यामागे धावायचे नाही.

स्ट्रोक मिळतो कधी? डीमध्ये बचाव करणाऱ्याच्या चुकीने बहुधा होणारा गोल हुकला, किंवा चेंडू ताब्यात असलेल्या खेळाडूला तिथे मुद्दाम अडवले, तर. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 5 ऑगस्ट 2021 रोजी, ब्राँझपदकाच्या सामन्यात भारत-जर्मनी 3-3 असताना तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच भारताला असा स्ट्रोक मिळाला. रूपिंदर पाल सिंगने गोल केला आणि भारत त्या सामन्यात पहिल्यांदा पुढे गेला. सामना भारताने 5-4 असा जिंकला. स्ट्रोक दिला की घड्याळ थांबते आणि उरलेले सगळे खेळाडू 23 मीटर रेषेच्या बाहेर जातात.

पंचांच्या निर्णयांत बारकावा आहे. एक पंच स्ट्रोक घेणाऱ्याच्या मागे उजवीकडे उभा राहतो, दुसरा मागच्या रेषेवर गोलाच्या बाजूला. गोलरक्षकाची पावले आणि चेंडू रेषेपार गेला की नाही, हे दुसऱ्याला नीट दिसते. गोलरक्षकाचे पाऊल आधी हलले आणि चेंडू अडला, तर स्ट्रोक पुन्हा घेतला जातो. पंच ग्रीन कार्डही दाखवू शकतात. पाऊल हलूनही गोल झाला, तर गोल कायम. उलट बाजूने, शिट्टीआधीच स्ट्रोक घेतला आणि गोल झाला, तर तो पुन्हा घ्यायचा. गोल झाला नाही, तर बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट. हूल किंवा ओढलेला चेंडू यांनाही फ्री हिटच, मग चेंडू जाळीत असला तरी. म्हणजे चुकीचा फायदा चूक करणाऱ्याला कधीच मिळत नाही.

बरोबरीचे सामने आता स्ट्रोकवर ठरत नाहीत. त्यांची जागा शूटआउटने घेतली आहे: 23 मीटर रेषेवरून निघायचे, आठ सेकंदांत गोल करायचा, आणि गोलरक्षकाला पुढे धावायला पूर्ण मोकळीक. पण तिथे त्याने मुद्दाम पाडले किंवा मुद्दाम नियमबाह्य अडवले, की पुन्हा तोच ठिपका. त्यामुळे जुनी कसोटी अजून जिवंत आहे.

कन्नड तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना एक सांगणे आहे. हॉकीचा गोल नाही म्हणून स्ट्रोक शिकवता येत नाही, असे नाही. फुटबॉलचा गोल 7.32 मीटर रुंद असतो. हॉकीचा बरोबर त्याच्या निम्मा. फुटबॉलच्या गोलाच्या मधोमध एक बांबू रोवा, आडव्या दांड्याच्या 30 सेंटिमीटर खाली दोरी बांधा, की त्या अर्ध्या भागात हॉकीच्या मापाचा गोल तयार. त्या अर्ध्याच्या मध्यासमोर टेपने 6.40 मीटर मोजून फक्कीने ठिपका काढा. एका मुलाला मागच्या रेषेवर बसवून फक्त गोलरक्षकाच्या पावलांवर नजर ठेवायला सांगा. आणि गोलरक्षकाकडे हेल्मेट, पॅड, हातमोजे नसतील, तर चेंडू अजिबात उचलू देऊ नका. जमिनीवरूनच पुश करू द्या. हॉकीचा चेंडू कडक असतो आणि त्याचे वजन 156 ते 163 ग्रॅम असते.