रिमोटची भाषा घड्याळाने वाचताना

टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं की त्याच्या टोकावरचा एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. तो सलग नसतो. सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा तो लुकलुकतो, म्हणून ऊन आणि दिव्यांच्या अवरक्त प्रकाशातून तो वेगळा काढता येतो. हे काम टीएसओपी १७३८ सारखा तीन पायांचा रिसीव्हर करतो. लुकलुक दिसली की त्याचा आउटपुट खाली जातो, थांबली की वर येतो. आपल्या हाती उरतात फक्त या चढउतारांच्या वेळा.

एनईसी ही फार प्रचलित पद्धत घेऊ. तिच्यात आधी ९ मिलिसेकंद प्रकाश आणि ४.५ मिलिसेकंद शांतता येते. मग ३२ बिट. प्रत्येक बिटातला प्रकाश सारखाच, ०.५६ मिलिसेकंदाचा. फरक असतो तो त्यानंतरच्या शांततेत: शून्याला ०.५६, एकाला १.६९.

मग फक्त शांतताच मोजावी असं वाटतं, पण तिथेच फसगत होते. रिसीव्हर अनेकदा प्रकाशाचा काळ थोडा ताणतो आणि तेवढीच शांतता आखडते. रिमोट किती जवळ आहे त्यावर हे प्रमाण बदलतं. म्हणून मी आउटपुट खाली पडल्यापासून पुन्हा खाली पडेपर्यंतचा काळ मोजते. एकीकडे वाढलेलं दुसरीकडे घटलेलं असतं, त्यामुळे बेरीज जवळपास तीच राहते: शून्याला १.१२५, एकाला २.२५ मिलिसेकंद.

आर्डुइनो उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं आहे. टायमर १ ला ६४ चा भागाकार दिला की एक टिक ४ मायक्रोसेकंदांची होते. पिन ८ वर इनपुट कॅप्चर लावलं की आउटपुट पडताक्षणी हार्डवेअरच वेळ नोंदवून ठेवतं. प्रोग्राम दुसऱ्या कामात असला तरी नोंद चुकत नाही. सुरुवातीची खूण सुमारे ३३७५ टिकांची, शून्य २८१ आणि एक ५६२ टिकांचा. सीमा ४२० वर ठेवायची. शेवटच्या बिटाची शांतता कुठे संपली हे कळावं म्हणूनच फ्रेमच्या शेवटी आणखी एक छोटा प्रकाश येतो.

आर्डुइनो किटमधल्या छोट्या रिमोटच्या वरच्या डाव्या बटणातून सहसा हे मिळतं:

```
00000000 11111111 10100010 01011101
```

सर्वांत लहान किमतीचा बिट आधी येतो, म्हणून प्रत्येक गट उलटा वाचायचा. तिसरा गट `01000101`, म्हणजे `0x45`, हा बटणाचा क्रमांक. चौथा गट तिसऱ्याचा बिट-बिट उलट असतो. तसा नसेल तर ती फ्रेम सरळ फेकून द्यावी. पहिल्या दोन गटांवर मात्र हीच कसोटी डोळे झाकून लावू नये, कारण काही रिमोटमध्ये ते मिळून एकच १६ बिटांचा पत्ता असतो.

बटण दाबून धरलं की हे ३२ बिट पुन्हा येत नाहीत. साधारण दर ११० मिलिसेकंदांनी २८१२ टिकांची आखूड खूण येते, तिचा अर्थ ‘तेच बटण अजून दाबलेलं आहे’. फिलिप्सच्या आरसी-५ रिमोटला ही युक्ती चालत नाही. तिथे एक आणि शून्य ठरतात ते बिटाच्या मध्यावर प्रकाश सुरू झाला की थांबला यावरून, त्यामुळे चढ आणि उतार दोन्हींच्या वेळा नोंदवाव्या लागतात.