पोच मागताना मागची बाजूही मागा

“माल आलाच नाही हो तुमचा.” काळबादेवीच्या व्यापाऱ्याचे मुनीम फोनवर इतकंच बोलले. मी तेव्हा इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब पाहत होतो. 4 एप्रिलला ग्रे कापडाच्या 6 गाठी ट्रान्सपोर्टने गेल्या होत्या. 90 दिवसांची उधारी संपली म्हणून 14 जुलैला पैशांसाठी फोन केला, तर हे उत्तर.

माझ्या फायलीत बिल्टी होती. पण बिल्टीवरून एवढंच ठरतं की माल ट्रान्सपोर्टवाल्याने आमच्याकडून घेतला. तो पुढे कुणाला दिला, हे तिच्या दुसऱ्या प्रतीवर असतं. गाडीबरोबर जाणाऱ्या त्या प्रतीवर माल उतरवून घेणारा सही-शिक्का करतो आणि ती ट्रान्सपोर्टकडे परत येते. हीच पोच, ट्रान्सपोर्टवाले तिला पीओडी म्हणतात. ई-वे बिलाचाही इथे फारसा उपयोग नसतो. कुठल्या गाडीतून माल निघाला ते त्यावर कळतं, कुणी उतरवला ते नाही.

फोनवर पोच मागितली की ठरलेलं उत्तर मिळतं, “सिस्टीममध्ये डिलिव्हरी दाखवतंय.” दाखवत असेल, पण ती नोंद त्यांच्याच माणसाने केलेली. म्हणून आम्ही बुकिंग शाखा आणि डिलिव्हरी शाखा, दोघांनाही लेखी पाठवलं: बिल्टी क्रमांक, तारीख, 6 गाठी, ग्राहक माल मिळाल्याचं नाकारतो आहे, सही-शिक्क्याच्या पोचेची प्रत द्या, पोच हरवली असेल तर डिलिव्हरी रजिस्टरचं त्या दिवसाचं पान द्या. व्यापाऱ्यालाही “माल मिळाला नाही” हे लेखी कळवायला सांगितलं. तोंडी नकारावर पुढची कारवाई होत नाही, आणि लिहायची वेळ आली की माणूस आधी आपलं गोदाम एकदा तपासतो.

भाडं आम्ही बुकिंगलाच भरलं होतं, ही आमची चूक. महिन्याचं बिल देणाऱ्या कारखान्यांत पोच जोडल्याशिवाय भाड्याचं बिल पास होत नाही, त्यामुळे पोच आपसूक येते. आमच्या हातात असं काही उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. त्यात एक गिचमिड सही, बाकी कागद कापलेला. अशा फोटोवर समाधान मानू नये. सही कुणाची, शिक्का कुठला, तारीख काय, किती नग लिहिलेत, हे सगळं दिसायला हवं. संपूर्ण पानाची, दोन्ही बाजूंची प्रत मागितली आणि मग उलगडा झाला. शिक्का व्यापाऱ्याचा नव्हता, डोंबिवलीच्या एका प्रोसेस हाऊसचा होता. रंगवायचं कापड दुकानात न मागवता व्यापारी थेट तिकडेच उतरवायला सांगतात. आमच्या बिलावरही डिलिव्हरीचा पत्ता तोच होता. दुकानात बसलेले मुनीम त्यांच्या परीने खरंच बोलत होते. सहीची शंका असती, तर त्याच प्रोसेस हाऊसच्या जुन्या पोचेशी ती ताडून पाहता आली असती आणि त्यांच्या गेटवरचं आवक रजिस्टरही मागता आलं असतं.

पोचेच्या मागच्या बाजूला मात्र निळ्या शाईत शेरा होता: “5 गाठी मिळाल्या, 1 कमी.” पहिल्या फोटोत मागची बाजू का नव्हती, ते तेव्हा कळलं.

व्यापाऱ्याने 5 गाठींचे पैसे दिले. सहाव्या गाठीचा वाद आता ट्रान्सपोर्टशी होता, आणि तिथे घड्याळ वेगळं चालतं. 2007 च्या रस्ते माल वाहतूक कायद्याप्रमाणे माल हरवल्याचा दावा लावायचा, तर त्याआधी ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत. ग्राहकाने नाकारलं त्या दिवसापासून नव्हे. आमची मुदत 1 ऑक्टोबरला संपत होती आणि उधारीच्या भरवशावर बसून त्यातले 101 दिवस आम्ही आधीच घालवले होते. नोटीस ऑगस्टमध्ये गेली.

ट्रान्सपोर्टने गाठ कमी असल्याचं मान्य केलं आणि नियमावर बोट ठेवलं. जास्त जोखमीचा वाढीव दर बुकिंगच्या वेळी भरलेला नसेल, तर साधारणपणे भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती असते. गाठीचं भाडं 250 रुपये, म्हणजे 2,500. आत कापड 35,000 चं होतं, आणि वाटेतल्या मालाचा विमा काढायला आमच्या शेठनी दोन वर्षांपूर्वीच नकार दिला होता.