कोणाला काय ठाऊक आहे?

एका वाड्यात दहा माणसं राहतात आणि त्या घरात एक गुपित आहे. प्रत्येकाबाबत दोनच शक्यता: त्याला ते ठाऊक आहे किंवा नाही. मग त्या घराच्या एकूण अवस्था किती होतील? दहा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करा, १०२४ येतात. आता घरात दुसरं गुपित आणा. आकडा थेट दहा लाखांच्या पुढे जातो. रोज संध्याकाळी आपण जेवताजेवता जी कौटुंबिक मालिका अर्ध्या लक्षाने बघतो, तिच्या लेखकाला या लाखो अवस्थांपैकी आज नेमकी कुठली चालू आहे हे पक्कं ठाऊक असावं लागतं. आणि गंमत अशी, की ती मालिका बहुतेक वेळा एक माणूस लिहीतच नाही.

कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी आपल्याकडची रूढ विभागणी. कधी कधी तर कथा दुसऱ्या भाषेतूनच येते. ‘आई कुठे काय करते’ ही स्टार प्रवाहवरची मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जवळजवळ पाच वर्षं चालली. तिचं मूळ ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेत. त्याच मुळातून २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ आली, दक्षिणेतल्या भाषांतही रूपं निघाली. म्हणजे एकाच घराचा नकाशा अनेक भाषांत गेला. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, बायकोला ते कळतं, आणि तिथून तिचं आयुष्य बदलतं. हा मोठा कणा सगळीकडे जवळपास सारखा. पुढे प्रत्येक मालिका आपापल्या वाटेने गेली, आणि वाट फुटली की मुळाचा आधार संपतो. मग हाताशी उरते ती फक्त आपली स्वतःची वही.

या वहीला मालिकावाले बायबल म्हणतात. सुरुवातीला ती साधीच असते: कोण कोणाचा कोण, वयं, लग्नाचं वर्ष, कोणाला साखर चालत नाही, आजोबा कधी वारले. हे सांभाळणं फार कठीण नाही. खरी वही सुरू होते ती ‘कोणाला काय ठाऊक’ या तक्त्यापासून.

समजा, सुनेची नोकरी गेली आहे आणि तिने ते घरात सांगितलेलं नाही. भाग २१२ मध्ये ती फक्त नणंदेला सांगते. तक्त्यात नोंद होते: नणंद, भाग २१२, सुनेकडून, स्वयंपाकघरात, तिसरं कोणी नव्हतं. आता भाग २३०. सासूबाई सहज विचारतात, ‘‘झाला का गं पगार?’’ हा प्रसंग लिहिणाऱ्याने २१२ लिहिलेला नाही. तक्ता न बघता त्याने नणंदेच्या तोंडी ‘‘वहिनी, आता पार्टी हवी हं!’’ असं वाक्य दिलं, की संपलं. एक तर नणंद दुष्ट ठरते, नाही तर लेखक विसरभोळा. दुसऱ्या दिवशी नाक्यावर प्रेक्षक यातलं दुसरंच बोलतात.

याहून बारीक एक रकाना असतो. सासऱ्यांनाही कोणाकडून तरी कळलंय, पण सुनेला हे ठाऊक आहे का, की सासऱ्यांना ठाऊक आहे? दहा माणसांत अशा जोड्या नव्वद होतात. उत्तम कौटुंबिक प्रसंग बहुधा याच रकान्यातून निघतात, कारण सासरे काही न बोलता सुनेच्या पर्समध्ये पाचशेची नोट सरकवतात, तेव्हा प्रेक्षकाला दोघांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

गोंधळाला आमंत्रण देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चित्रीकरणाचा क्रम. दिवाणखान्यात प्रकाशयोजना लावली की तिथले चार भागांतले प्रसंग एकामागून एक उरकतात, कारण तेच परवडतं. सकाळी नणंदेला गुपित ठाऊक असतं आणि दुपारी साडी बदलली की नसतं. कलाकार सेटवर विचारतात, ‘‘मला हे कळलंय ना अजून?’’ अभिनयाविषयीचा प्रश्न वाटतो, पण उत्तर वहीत असतं.

कथेचे ट्रॅक लांबीने वेगवेगळे. मोठा कणा वर्षभराचा, त्यावर तीन-चार आठवड्यांचा एखादा ट्रॅक, आणि आठवड्याच्या शेवटी एक वळण. टीआरपीचे आकडे आले की ट्रॅक ताणला जातो किंवा गुंडाळला जातो. कलाकार आजारी पडतो, मालिका सोडतो. ‘आई कुठे…’मध्ये संजनाची भूमिका दीपाली पानसरे यांच्यानंतर रूपाली भोसले यांच्याकडे आली, चेहरा बदलला, पण संजनाला जे जे ठाऊक होतं ते तसंच पुढे जावं लागलं. २०२१ च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा कित्येक मराठी मालिकांनी आपला मुक्काम राज्याबाहेर हलवला. राहतं घर सुटलं की माणसं बाहेर का आहेत याला कथेत कारण हवं. अशा वेळी तक्ता दुरुस्तीलाही कामी येतो: ‘हे गुपित अजून कोणाला ठाऊक आहे?’ असं विचारलं की गैरहजर कलाकाराचा प्रसंग कोणाला देता येईल ते लगेच दिसतं.

पण वहीच्या सगळ्यात हुशार नोंदी जुन्या वाक्यांच्या असतात. भाग ४० मध्ये आजी म्हणाली, ‘‘मला एकच मुलगा.’’ सहाशेव्या भागात चॅनलला दुसरा मुलगा हवाय. आता बघायचं ते एवढंच, की वाक्य कोणी आणि कोणाला सांगितलं? आजीने विहीणबाईंना सांगितलं असेल तर मार्ग आहे: आजीने लपवलं, आणि का लपवलं यातून नवा महिनाभराचा ट्रॅक मिळतो. पण तेच जर शिधापत्रिकेवर कॅमेऱ्याने जवळून दाखवलेलं असेल, तर दार बंद. माणूस खोटं बोलू शकतो, पडद्यावर दिसलेला कागद नाही. म्हणून चांगली वही ‘काय सांगितलं’ यासोबत ‘कोणी सांगितलं’ हेही टिपते.

काळ मात्र वहीलाही जुमानत नाही. कथेतला एक दिवस आठवडाभर चालतो, पण गणपती आणि दिवाळी खऱ्या पंचांगाप्रमाणे येतात, कारण प्रेक्षकाच्या घरी ते सण असतात. गरोदरपण या दोन काळांच्या कात्रीत सापडतं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी इतका लांब काळ गरोदर राहिली की महाराष्ट्रभर त्यावर विनोद फिरले. माझ्या मते तिथे चूक पंचांग दाखवण्याची होती. सण वगळले असते तर कोणी महिने मोजलेच नसते. पण सण वगळणार कोण?

नाशिकमध्ये हा पेच आणखी उघडा पडतो. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही मालिका आपल्याकडे चित्रित झाली. पण गोदाघाटावर चित्रीकरण करणाऱ्या कोणत्याही चमूने एक ध्यानात ठेवावं: पूर किती आला हे आम्ही दुतोंड्या मारुतीच्या अंगावरच्या पाण्यावरून मोजतो. प्रसंगाचा अर्धा भाग मे महिन्यात आणि उरलेला जुलैत घेतला, तर मारुती एका वाक्यात कोरडा आणि पुढच्या वाक्यात कमरेइतक्या पाण्यात दिसेल. बाकी महाराष्ट्र कदाचित फसेल, पंचवटी फसणार नाही.

आज रात्री मालिका लागली की एक कागद जवळ घ्या. घरातल्या माणसांची नावं उभी लिहा, चालू गुपित वर लिहा, आणि कोणाला ठाऊक आहे तिथे खूण करा. आठवडाभरात लेखकाने वही उघडलेली नाही अशी एखादी जागा तुम्हाला सापडेल. आणि नाहीच सापडली, तर श्रेयनामावलीतली लेखकांची नावं एकदा शेवटपर्यंत वाचा.