चूक कोणाची, याच्या पुढे जाणारे पत्र

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी असंख्य संकेतस्थळांवरची छायाचित्रे दिसेनाशी झाली, अ‍ॅप अडकली. त्यांचा डेटा अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवणसेवेत, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियाच्या केंद्रांत होता. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक वेळ गेला. त्यानंतर कंपनीने ग्राहकांसाठी जो खुलासा दिला, तो तक्रारींना उत्तरे लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

घटनेची वेळ त्यात नेमकी दिली आहे: सकाळी ९.३७. बिलिंगची यंत्रणा संथ चालत होती, म्हणून ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. आज्ञा देताना एका कर्मचाऱ्याकडून एक तपशील चुकीचा टाकला गेला आणि हवे होते त्याहून बरेच जास्त सर्व्हर निघाले. कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद ठेवणारी यंत्रणाही त्यात सापडली.

‘मानवी चूक’ म्हणून बहुतेक पत्रे इथेच आटोपतात. पण चुकलेल्या आज्ञेने बिघाडाची सुरुवात कळते, चार तास का लागले ते कळत नाही. ते या खुलाशात आहे: सर्व्हर इतक्या झपाट्याने काढू देणारे साधन, आणि मोठ्या केंद्रांत कित्येक वर्षे पूर्ण बंद करून सुरू न केलेली यंत्रणा. मधल्या काळात तिचा पसारा अफाट वाढला होता, त्यामुळे ती सुरू करताना लागणाऱ्या तपासण्या लांबल्या. कर्मचाऱ्याचे नाव कुठेही नाही आणि वाचताना ते हवेसेही वाटत नाही.

उपायही याच कारणांना धरून आहेत. साधन आता सर्व्हर हळूहळू काढते आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ देत नाही. यंत्रणेची आणखी छोटी विभागणी पुढे करायची होती, ती लगेच हाती घेतली गेली. ज्या पत्रातला उपाय सांगितलेल्या कारणाला लागू पडत नाही, त्यातले कारण खरे नाही असे खुशाल समजावे.

माफी शेवटच्या परिच्छेदात, मोजक्या शब्दांत आहे. तिच्याजवळ जुन्या विश्वासार्हतेचा अभिमानही व्यक्त झाला आहे. तो मला अस्थानी वाटतो. नुकसान सोसलेल्या माणसाला त्या घडीला तो ऐकायचा नसतो.

हा खुलासा तांत्रिक ग्राहकांसाठी होता, म्हणून लांब. एखाद्या कुरिअर सेवेला एवढे पुरेल:

‘मंगळवारी तुमचे पार्सल नाशिकऐवजी नागपूरच्या गाडीत गेले. ते गुरुवारी दुपारपर्यंत तुम्हाला मिळेल. वाहतूकखर्च आज परत केला आहे. थैल्या गाडीत चढवताना लेबल पुन्हा तपासण्याची सोय आमच्याकडे नव्हती. आजपासून प्रत्येक थैली चढवताना स्कॅन होते. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’