कॅशबॅक बरोबर जमा झाला का? असं तपासा

मैत्रिणींनो, क्रेडिट कार्ड देताना सांगतात, "पाच टक्के पैसे परत मिळतील." पण हे पाच टक्के कशावर, ते ऑफरच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून स्टेटमेंट आलं की अटींचा कागद शेजारी ठेवा आणि वहीत हिशोब मांडा.

समजा, अटी अशा आहेत: ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, बाकी खरेदीवर १ टक्का. पेट्रोलवर आणि वॉलेटमध्ये भरलेल्या पैशांवर काही नाही. महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये.

आता स्टेटमेंटमधला खर्च बघा. ऑनलाइन कापड ४,००० रुपये, शिलाईचं सामान २,००० रुपये आणि एक साडी १,००० रुपये, जी परत पाठवली. किराणा ४,०००, पेट्रोल १,५०० आणि वॉलेटमध्ये २,०००. एकूण १४,५०० रुपये. सगळ्यावर ५ टक्के धरले तर ७२५ होतात, पण तो हिशोब चुकीचा आहे.

आधी पेट्रोल आणि वॉलेट खोडा. परत केलेली साडीही खोडा. तिचे १,००० रुपये स्टेटमेंटवर `Cr` म्हणून जमा दिसतील, पण ती तुमचीच रक्कम आहे, कॅशबॅक नव्हे. उरली ऑनलाइन खरेदी ६,०००, तिचे ३०० रुपये. किराण्याचे ४०. एकूण ३४० यायला हवेत. ५०० च्या आत आहेत, म्हणजे काही कापलं जाणार नाही.

पण जमा झालेत २६०. मग ८० रुपये कुठे गेले? हा फरकच वाट दाखवतो. शिलाईच्या सामानाचे ५ टक्के म्हणजे १००, एक टक्का म्हणजे २०. फरक बरोबर ८०. म्हणजे बँकेने ती खरेदी ऑनलाइन न धरता 'बाकी खरेदी'त टाकली असावी. बँक आपण काय घेतलं ते बघत नाही, तर दुकानदार कोणत्या प्रकारात नोंदलेला आहे ते बघते. फरक पूर्ण १०० चा असता, तर ती खरेदी मोजलीच नाही किंवा ती पुढच्या महिन्याच्या बिलात गेली, असं समजायचं. काही कार्डांचा कॅशबॅक पुढच्या स्टेटमेंटवर येतो, तेही अटींमध्ये बघून घ्या.

मग बँकेला लेखी कळवा. खरेदीची तारीख, रक्कम, दुकानाचं नाव आणि अटीतलं कलम लिहा, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते.

एक मात्र सांभाळा, ताई. ८० रुपयांच्या भांडणात बिल थकवू नका. शेवटच्या तारखेआधी पूर्ण भरा, नाहीतर दंड आणि व्याज त्याहून कितीतरी जास्त जाईल.