कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल

कॅप्स लॉक क्वचितच लागतं, कंट्रोल मात्र सतत. कीबोर्डमध्ये व्हीआयए चालणारं क्यूएमके फर्मवेअर असेल, तर ही अदलाबदल कोड कंपाइल न करता होते.

कीबोर्ड यूएसबी केबलने जोडा, क्रोममध्ये `usevia.app` उघडा आणि परवानगी द्या. फायरफॉक्समध्ये हे सहसा चालत नाही. पडद्यावरच्या चित्रात कॅप्स लॉकवर क्लिक करा, मग खालच्या यादीतून `Left Ctrl` निवडा. सेव्ह करावं लागत नाही. बदल कीबोर्डच्याच मेमरीत उतरतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावरही टिकतो.

आता ती कळ दाबून सी दाबा. मजकूर कॉपी झाला, तर काम फत्ते. कीबोर्ड ओळखलाच गेला नाही, तर उत्पादकाची जेएसओएन फाइल `Design` टॅबमध्ये टाकावी लागते.