कोळ्याची चाळीस फुटांची वाट

एक खोली डोळ्यांसमोर आणा. लांबी ३० फूट, रुंदी १२ फूट आणि उंचीही १२ फूट. आखूड बाजूच्या दोन भिंती समोरासमोर आहेत. त्यांपैकी एका भिंतीवर, रुंदीच्या बरोबर मध्यावर, छतापासून एक फूट खाली कोळी बसला आहे. समोरच्या भिंतीवर, तीही मध्यावरच, पण जमिनीपासून एक फूट वर माशी आहे. माशी जागची हलत नाही. कोळ्याने धागा सोडून लोंबकळायचं नाही, भिंती, छत आणि जमीन यांवरूनच चालत जायचं. त्याला कमीत कमी किती फूट चालावं लागेल?

हे कोडं इंग्लंडमधल्या हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी यांचं. १९०३ साली ते ‘वीकली डिस्पॅच’ या वृत्तपत्रात छापून आलं आणि १९०७ साली त्यांच्या ‘द कँटरबरी पझल्स’ या पुस्तकात आलं. सव्वाशे वर्षांनंतरही ते ताजं आहे, कारण त्याचं चुकीचं उत्तर अगदी पटण्यासारखं आहे.

ते चुकीचं उत्तर असं. कोळी एक फूट वर चढून छत गाठतो, छतावरून नाकासमोर ३० फूट चालतो आणि समोरच्या भिंतीवरून ११ फूट उतरून माशीपाशी पोचतो. एकूण ४२ फूट. वाटेत कुठे वळण नाही, वळसा नाही. याहून जवळची वाट असेल असं सहसा कुणाला वाटत नाही. पण ती आहे.

ती शोधायची तर खोली उलगडावी लागते. ही खोली म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं समजा. काही कडा कापल्या, बाकीच्या कडांवर पुठ्ठा उघडला आणि सगळं जमिनीवर सपाट पसरलं, तर पुठ्ठा ताणला जात नाही की आकसत नाही. खोक्यावर काढलेल्या रेघेची लांबी पसरलेल्या पुठ्ठ्यावरही तेवढीच राहते. सपाट पृष्ठभागावर दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचं. म्हणून पुठ्ठा पसरायचा, कोळी आणि माशी सरळ रेषेने जोडायचे आणि पट्टी लावून मोजायचं. एक अट मात्र पाळायची: ती रेषा पूर्णपणे पुठ्ठ्यावरूनच गेली पाहिजे. मधल्या रिकाम्या जागेवरून गेली, तर ती कोळ्याची वाट नव्हे.

खरी अडचण पुढे आहे. खोकं एकाच प्रकारे उलगडत नाही. समोरची भिंत छताला जोडलेली ठेवायची, की बाजूच्या भिंतीला, की जमिनीला? प्रत्येक वेळी पसरलेला आकार वेगळा, माशीची जागा वेगळी आणि सरळ रेषेची लांबीही वेगळी. प्रत्येक रेषा आपापल्या आकारात सर्वांत आखूड असते, पण तेवढ्याने ती सगळ्या खोलीतली सर्वांत आखूड ठरत नाही. ४२ फुटांचं उत्तर देणारा इथेच फसतो. त्याने एकच उलगड पाहिलेली असते.

आता दुसरी उलगड घेऊ. कोळ्याची भिंत छताला जोडलेली, छताला बाजूची लांब भिंत आणि त्या भिंतीला माशीची भिंत. पसरलेल्या पुठ्ठ्यावर कोळी आणि माशी यांच्यात लांबीच्या दिशेने १ + ३० + ६ म्हणजे ३७ फूट पडतात, आडव्या दिशेने ६ + ११ म्हणजे १७ फूट. पायथागोरसच्या प्रमेयाने ३७ चा वर्ग १३६९, १७ चा वर्ग २८९, बेरीज १६५८. वर्गमूळ सुमारे ४०.७. म्हणजे ४२ फुटांची वाट हरली. छत टाळून फक्त बाजूच्या भिंतीवरून तिरकं गेलं, तर मात्र ४३ फुटांहून थोडं जास्तच भरतं.

तिसरी उलगड कुणाला सहज सुचत नाही. कोळ्याची भिंत छताला, छत बाजूच्या भिंतीला, ती भिंत जमिनीला आणि जमीन माशीच्या भिंतीला जोडलेली. सहापैकी पाच पृष्ठं. आता लांबीच्या दिशेने १ + ३० + १ म्हणजे ३२ फूट आणि आडव्या दिशेने अर्धं छत, अख्खी भिंत, अर्धी जमीन: ६ + १२ + ६ म्हणजे २४ फूट. ३२ चा वर्ग १०२४, २४ चा ५७६, बेरीज १६००. वर्गमूळ बरोबर ४०.

पुठ्ठा पुन्हा मिटून ही वाट खोलीत पाहू. कोळी तिरका चढत सव्वा फुटात छताला पोचतो. छतावरून तो पाऊण अष्टमांश चालत नाही, पावणेनऊ फूट चालतो आणि बाजूच्या भिंतीची वरची कड गाठतो. ती जागा कोळ्याच्या भिंतीपासून ७ फुटांवर आहे. मग त्या लांब भिंतीवरून २० फूट तिरका उतरतो. एवढ्यात तो १२ फूट खाली आलेला असतो आणि १६ फूट पुढेही गेलेला असतो. त्यानंतर जमिनीवर पुन्हा पावणेनऊ फूट आणि माशीच्या भिंतीवर शेवटचा सव्वा फूट. बेरीज ४०.

फायदा झाला तो त्या लांब भिंतीवर. ४२ फुटांच्या वाटेत कोळी आधी सगळं अंतर पुढे जातो आणि मग वेगळा खाली उतरतो; दोन्हींची पूर्ण किंमत मोजतो. लांब भिंतीवर तो उतरता उतरताच पुढे सरकतो. १२ आणि १६ वेगवेगळे चालले तर २८ होतात, तिरके चालले तर २०. अर्थात मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत जाण्याची आणि परत मध्यावर येण्याची किंमत द्यावी लागतेच, पण तीही तिरकी चालून कमी होते.

म्हणून पाच पृष्ठांची वाट नेहमीच जवळची, असा नियम मात्र करता येत नाही. खोली ३० ऐवजी १८ फूट लांब असती, तर नाकासमोरची ३० फुटांची वाटच सर्वांत जवळची ठरली असती. मूळ खोलीतही कोळी छतापासून २ फूट खाली आणि माशी जमिनीपासून २ फूट वर ठेवली, तर पाच पृष्ठांची वाट ४१.६ फुटांची होते आणि चार पृष्ठांची ४१.२ फुटांची, चारवाली जिंकते. दोघांना तसंच ४-४ फुटांवर नेलं, की पुन्हा छतावरची सरळ ४२ फुटांची वाट पहिली येते. कुठली उलगड जिंकेल हे नुसतं बघून सांगता येत नाही, प्रत्येकीचं गणित मांडावंच लागतं.

दोरा ताणून पाहण्यातही हाच धोका आहे. खोक्यावर दोरा घट्ट ताणला की तो ज्या पृष्ठांवरून गेला असेल त्यांपुरती आखूड वाट दाखवतो आणि तिथेच अडकतो. ४२ फुटांच्या वाटेवर ताणलेला दोरा घसरून आपोआप ४० फुटांच्या वाटेवर जात नाही.

शाळेच्या पाठ्यपुस्तकात घनाच्या आणि इष्टिकाचितीच्या घडणी असतात. मुलं त्या कापून खोकी बनवतात, पण तयार खोकं उलट उलगडून अंतर मोजायला त्यांना फारसं कुणी सांगत नाही. घरात मूल असेल तर ३० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच उंच खोकं पुठ्ठ्यातून करा. दोन टोकांच्या बाजूंवर कोळी आणि माशी कडेपासून एकेक सेंटिमीटरवर काढा. त्याला ४२ सेंटिमीटरची वाट आधी सापडू द्या, आणि मग ४० सेंटिमीटरचा दोरा हातात देऊन एवढ्यात पोचून दाखव म्हणा.